दावा नामंजूर झाल्याचे पत्र कसे लिहावे
(बुटीबोरी परिसरातील ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी बांधव यांच्यासाठी)

शेतीचे काम करीत असताना किंवा अन्य कारणाने शेतकऱ्यास अपघाती मृत्यू आल्यास त्याच्या वारसांना आर्थिक साहाय्य मिळावे, याकरिता महाराष्ट्र शासनाने 2005-06 पासून विमा योजना चालविली. 2015-16 पासून तिला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना असे नाव देण्यात आले. एप्रिल 2023 मध्ये शासनाने विमा कंपनीची मध्यस्थी काढून टाकली आणि तिच्या जागी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू केली. या योजनेत अपघाती मृत्यूसाठी 2 लाख रुपये देण्याची तरतूद आहे. वारसाने 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. महसूल, पोलीस व कृषी खात्यांचे अधिकारी घटनेची पाहणी करतात आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समिती दाव्याचा निर्णय करते.

या बदलाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. पूर्वी दावा नाकारल्याचे पत्र विमा कंपनी पाठवीत असे. आता ते आपल्याच कार्यालयातून जाते आणि बहुधा गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या हातून मृताच्या घरी पोहोचते. म्हणून ते पत्र कसे असावे हा विचार आता आपणांसच करावयास पाहिजे. प्रस्तुत लेखात एका दाव्याचे उदाहरण घेऊन हा विचार मांडला आहे. उदाहरण समजण्याच्या सोयीसाठी रचलेले असून ते कोणा विशिष्ट कुटुंबाचे नाही.

उदाहरणातील दावा

बुटीबोरीच्या आसपासच्या एका गावातील 42 वर्षे वयाचा कापूस व सोयाबीन पिकविणारा शेतकरी. 14 ऑगस्ट 2024 रोजी पहाटे त्याच्या पोटात दुखू लागले. पापण्या जड झाल्या, बोलणे अस्पष्ट झाले. शेजाऱ्याच्या वाहनातून दवाखान्याकडे नेत असता वाटेतच त्याचा प्राण गेला. घरच्या मंडळींनी देह तेथूनच परत आणला व त्याच दिवशी अंत्यसंस्कार केले. शवविच्छेदन झाले नाही. पत्नीने 2 सप्टेंबर रोजी, म्हणजे मुदतीत, अर्ज केला. मृत्यूचे कारण म्हणून तिने ‘सर्पदंश’ असे लिहिले. अर्जास सातबारा उतारा, मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद व पोलीस पाटलाचा अहवाल जोडलेला होता.

या अर्जावर उत्तराचा पहिला मसुदा पुढीलप्रमाणे तयार झाला असे समजू :

‘आपण शवविच्छेदन अहवाल सादर केलेला नाही. मृताच्या अंगावर दंशाची खूण नव्हती. सर्पदंश झालेला नसून मृत्यू नैसर्गिक आहे. तसेच आपण अपूर्ण व दिशाभूल करणारी माहिती दिली आहे. सबब आपला दावा फेटाळण्यात येत आहे. या विषयी पुन्हा पत्रव्यवहार करू नये.’

हे पत्र कठोर आहे हे सांगावयास नको. परंतु ते केवळ कठोर नाही, ते कायद्याच्या दृष्टीनेही दुबळे आहे, आणि या दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. पत्रातील जवळजवळ प्रत्येक वाक्य कागदपत्रांना जेवढे ठाऊक आहे त्याहून अधिक सांगते. ज्या वाक्याला आधार नाही तेच वाक्य विधवेच्या जिव्हारी लागते, आणि अपिलात टिकत नाही तेही तेच. म्हणून पत्रातील शब्द मऊ करण्यापूर्वी प्रत्येक वाक्याचा आधार तपासावा.

आधी कारण तपासावे

पहिले वाक्य घेऊ. शवविच्छेदन अहवाल नाही, हे खरे आहे. परंतु एवढ्यावरून दावा नाकारता येतो काय? या योजनेत अपघाताच्या प्रकाराप्रमाणे कागदपत्रे ठरवून दिलेली आहेत. सर्पदंश व विंचूदंश यांच्या बाबतीत एक सवलत आहे. वैद्यकीय उपचार मिळण्यापूर्वीच मृत्यू आल्यामुळे शवविच्छेदन झाले नसेल, तर त्या अहवालातून सूट मिळते. मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणजे ज्या कागदाच्या अभावी दावा नाकारण्याचे ठरले होते तो कागद या प्रसंगी अनिवार्य नव्हता. जो कागद हवा होता तो अर्जदाराकडे कोणी मागितलाच नाही.

अशा वेळी नामंजुरीचे पत्र लिहू नये. त्रुटी कळविणारे पत्र लिहावे. त्यात कोणता कागद हवा, तो कोणाकडून मिळेल, त्याच्याऐवजी दुसरे काय चालेल आणि तो किती तारखेपर्यंत द्यावा, या चार गोष्टी लिहाव्यात. ‘आवश्यक कागदपत्रांची पूर्तता करावी’ एवढेच लिहिल्याने काहीही कळत नाही. अर्जदार पुन्हा तेच कागद घेऊन येते आणि तिच्या वाहनखर्चाचे पैसे व एक दिवसाची मजुरी वाया जाते.

आपल्या उदाहरणात असे त्रुटीपत्र 12 सप्टेंबर रोजी दिले गेले. अर्जदार प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने 24 सप्टेंबर रोजी लेखी कळविले की, मृतास आपल्याकडे आणलेले नव्हते व आपण देह पाहिलेला नाही, म्हणून मृत्यूचे कारण प्रमाणित करता येत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याचे हे उत्तर योग्यच होते. 30 सप्टेंबर रोजी समितीने हे सर्व कागद पाहून दावा मंजूर करता येत नाही असे ठरविले. आता खरे नामंजुरीचे पत्र लिहावयाचे आहे.

‘झाला नाही’ आणि ‘सिद्ध होत नाही’

मसुद्यातील दुसरी व तिसरी वाक्ये सर्वांत अधिक धोक्याची आहेत. अंगावर खूण नव्हती, म्हणून सर्पदंश झाला नाही, असा तर्क त्यांत आहे. हा तर्क चुकीचा आहे, हे सापांची माहिती असलेला कोणीही सांगेल. आपल्या भागात आढळणारा मण्यार हा साप रात्री हिंडतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसास तो झोपेतच चावतो. त्याचे दात बारीक असल्याने दंशाची जागा पुष्कळदा दिसत नाही आणि तेथे सूज किंवा वेदनाही फारशी नसते. त्याचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते. पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता व बोलता येत नाही आणि शेवटी श्वास बंद पडतो. पोलीस पाटलाच्या अहवालात नोंदविलेली लक्षणे या वर्णनाशी जुळतात. तेवढ्यावरून सर्पदंश सिद्ध होत नाही. परंतु सर्पदंश झाला नाही असे म्हणावयासही जागा उरत नाही.

म्हणून ‘सर्पदंश झालेला नाही’ असे लिहू नये. ‘सर्पदंशाने मृत्यू झाल्याचे सादर केलेल्या कागदपत्रांवरून सिद्ध होत नाही’ असे लिहावे. पहिल्या वाक्यात आपण रात्रीच्या अंधारात काय घडले याविषयी निकाल देतो. दुसऱ्या वाक्यात आपण केवळ आपल्या टेबलावरील कागदांविषयी बोलतो, आणि तेवढाच आपला अधिकार आहे. पत्नीने आपल्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी ठरवावयाची नसते. ती योजनेस लागणाऱ्या पुराव्याच्या स्वरूपात पुढे आली नाही, एवढेच सांगावयाचे असते.

‘मृत्यू नैसर्गिक आहे’ हे वाक्यही याच कारणाने गाळावे. नैसर्गिक मृत्यू या योजनेतून वगळलेला आहे, ही गोष्ट खरी. परंतु मृत्यू नैसर्गिक होता असे म्हणणाराही कोणता तरी कागद हवा, आणि या प्रकरणात तसा एकही कागद नाही. आत्महत्या, नशेच्या अमलाखाली झालेला अपघात अशा वगळलेल्या इतर कारणांनाही हाच नियम लावावा. अशा कारणाचा स्पष्ट पुरावा नसताना त्याचा उच्चार करणे म्हणजे मृतावर ठपका ठेवणे होय. तो ठपका कुटुंबास गावात वर्षानुवर्षे वाहावा लागतो. ‘दिशाभूल करणारी माहिती’ या शब्दांनाही कागदोपत्री आधार नाही. त्यांवरून उलट कार्यालयावरच तक्रार होऊ शकेल.

पत्रात लिहिलेले कारणच अखेरपर्यंत धरले जाते

पत्र सावधपणे लिहावयाचे आणखी एक कारण आहे. 1951 साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी अंधेरी येथील चित्रपटगृहाची परवानगी रद्द केल्याचे प्रकरण आले होते. नागपूर उच्च न्यायालयाचे पूर्वीचे मुख्य न्यायमूर्ती विवियन बोस यांनी त्यात निकाल दिला. अधिकाऱ्याने काढलेल्या सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्याच्या शब्दांवरूनच लावावा, आपल्या मनात काय होते याचा नंतर दिलेला खुलासा त्यासाठी चालत नाही, असे तत्त्व त्यांनी सांगितले. 1977 साली मोहिंदर सिंग गिल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वाच्या आधारे स्पष्ट केले की, आदेशाची वैधता त्यात नमूद केलेल्या कारणांवरूनच ठरते, प्रतिज्ञापत्रातून मागाहून नवी कारणे घालता येत नाहीत. विमा कंपन्यांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 2016 व 2019 साली असाच विचार स्वीकारला. दावा नाकारल्याच्या पत्रात नसलेले कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही.

यावरून आपल्यासाठी दोन सूचना निघतात. समितीने ज्या कारणावरून निर्णय केला ते कारण पत्रात पूर्णपणे यावयास पाहिजे. कारणे दोन असतील तर दोन्ही लिहावीत. दुसरे असे की, समितीने विचारात न घेतलेले कारण पत्र लिहिणाऱ्याने आपल्या मनाने जोडू नये. पत्र भारदस्त दिसावे म्हणून ‘तसेच’ हा शब्द घालून एखादे कारण वाढविले जाते. या ‘तसेच’च्या मागे समितीच्या कार्यवृत्तात काही आहे की नाही, हे नेहमी पाहावे.

सहानुभूतीच्या वाक्यातील धोका

आता काही जण दुसऱ्या टोकास जातात. ते लिहितात, ‘आपल्या पतीच्या सर्पदंशाने झालेल्या दुःखद निधनाबद्दल आम्ही दुःखी आहोत.’ भावना चांगली आहे. परंतु जी गोष्ट सिद्ध होत नाही म्हणून दावा नाकारावयाचा, तीच गोष्ट या वाक्यात कार्यालयाने मान्य केली आहे. अपिलात हे वाक्य प्रथम वाचले जाईल. म्हणून ‘आपल्या पतीच्या निधनाबद्दल’ एवढेच लिहावे. दुःख त्याने कमी होत नाही आणि कारणाविषयी काही कबूलही होत नाही.

‘आपल्या प्रकरणाचा सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल’ हेही लिहू नये. त्याचा अर्थ अर्जदार ‘पैसे मिळतील’ असा घेते आणि वाट पाहत राहते. तेवढ्यात अपिलाची मुदत निघून जाते. ‘आम्हांस खात्री आहे, परंतु नियम आड येतो’ हे वाक्य तर समितीच्या निर्णयाविरुद्ध कार्यालयानेच दिलेली साक्ष होय. खरी सहानुभूती तीन गोष्टींत दाखविता येते. अर्जदाराने जे केले त्याची योग्य नोंद घ्यावी, कारण तिला कळेल अशा भाषेत सांगावे आणि पुढचा मार्ग तारखेसह दाखवावा. ‘पुन्हा पत्रव्यवहार करू नये’ हे वाक्य या तिसऱ्या गोष्टीच्या अगदी विरुद्ध आहे. ते अपिलाचा दरवाजा बंद असल्याचा भास निर्माण करते, म्हणून ते पूर्णपणे काढून टाकावे.

सुधारलेले पत्र

वरील विचार ध्यानात घेऊन तेच पत्र पुढीलप्रमाणे लिहिता येईल. निर्णय तोच आहे, रक्कम मिळत नाहीच. रिकाम्या जागी प्रत्येक प्रकरणातील माहिती भरावी.

‘श्रीमती ……… यांस,

सप्रेम नमस्कार. आपले पती श्री. ……… यांचे 14 ऑगस्ट 2024 रोजी निधन झाले. आपल्या कुटुंबावर ओढवलेल्या या दुःखाबद्दल आम्ही आपले सांत्वन करतो.

आपला अर्ज या कार्यालयास 2 सप्टेंबर 2024 रोजी मुदतीत मिळाला. त्यासोबतचा सातबारा उतारा, मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद व पोलीस पाटलांचा अहवाल योग्य असल्याचे आढळले. त्यांविषयी कोणताही आक्षेप नाही.

आपण मृत्यूचे कारण सर्पदंश असे नमूद केले आहे. सर्पदंशाच्या दाव्यासाठी शवविच्छेदन अहवाल, अथवा उपचारापूर्वी मृत्यू आल्यामुळे शवविच्छेदन झाले नसल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र, यांपैकी एक कागद योजनेप्रमाणे लागतो. आपल्या पतींचे शवविच्छेदन झालेले नाही. आमच्या 12 सप्टेंबरच्या पत्राप्रमाणे आपण प्रमाणपत्रासाठी प्रयत्न केलात. तथापि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी देह पाहिलेला नसल्याने मृत्यूचे कारण प्रमाणित करता येत नाही, असे त्यांनी 24 सप्टेंबर रोजी लेखी कळविले. त्यांच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे.

या कारणास्तव, सर्पदंशाने मृत्यू झाल्याचे सादर केलेल्या कागदपत्रांवरून सिद्ध होत नाही, असे तालुका समितीने 30 सप्टेंबर 2024 च्या बैठकीत ठरविले. त्यामुळे आपला दावा मंजूर करता आलेला नाही. दावा नामंजूर होण्याचे हेच एक कारण आहे.

हा निर्णय आपणांस मान्य नसल्यास आपण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय अपील समितीकडे ……… या तारखेपर्यंत अपील करू शकता. त्या दिवशी आपल्या पतींना वाटेत एखाद्या डॉक्टरांनी तपासले असल्यास त्यांची चिठ्ठी किंवा नोंद, रुग्णवाहिकेस दूरध्वनी केला असल्यास त्याची नोंद, अथवा पोलीस ठाण्यातील आकस्मिक मृत्यूच्या चौकशीचे कागद अपिलासोबत जोडता येतील. त्यांचे मूल्य ठरविण्याचा अधिकार अपील समितीचा आहे. अर्ज लिहिण्यास मदत हवी असल्यास या कार्यालयात श्री. ……… यांना भेटावे.

आपला,
तालुका कृषी अधिकारी’

या पत्रातील काही शब्दांकडे लक्ष द्यावे. ‘हेच एक कारण आहे’ असे लिहिल्याने अर्जदारास नेमके काय मिळवावयाचे ते कळते. तिच्या नावावर किंवा वारसहक्कावर संशय आहे काय, ही शंका तिच्या मनात राहत नाही. ‘जोडता येतील’ असे लिहिले आहे, ‘जोडल्यास दावा मंजूर होईल’ असे लिहिलेले नाही. अपिलाची तारीख कार्यालयाने स्वतः मोजून घालावी. ‘विहित मुदतीत’ असे लिहून हिशेबाचा भार विधवेवर टाकू नये.

पत्र देताना

पत्र चांगले लिहिले तरी ते देण्याची रीत चुकली तर श्रम वाया जातात. अर्जदारास वाचता येत नसेल तर पत्र तिला पूर्णपणे वाचून दाखवावे. तोंडी सांगताना पत्रात नसलेले काही बोलू नये. ‘वर सांगून बघतो, होऊन जाईल’ असे दिलाशाचे एक वाक्यही सबंध पत्राचा अर्थ फिरविते. पोच घेताना ‘पत्र मिळाले’ एवढेच लिहून त्याखाली तारीख व सही किंवा अंगठा घ्यावा. ‘निर्णय मान्य आहे’ असे लिहून घेऊ नये. पत्राची मूळ प्रत व वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पत्राची प्रत तिच्याजवळ राहील हे पाहावे, कारण अपिलाला तीच लागेल.

शेतकरी बांधवांनीही या उदाहरणातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळ्याच्या दिवसांत पहाटे अचानक पोट दुखून पापण्या मिटू लागल्यास अंगावर खूण असो वा नसो, माणसास तत्काळ सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. झाडफूक करण्यात वेळ घालवू नये. वाटेत प्राण गेला तरी देह परत न आणता रुग्णालयापर्यंत न्यावा व पोलीस पाटलास कळवावे. वैद्यकीय अधिकाऱ्याने देह पाहिला आणि शवविच्छेदन झाले, म्हणजे मृत्यूच्या कारणाची नोंद होते. घर दुःखात असता हे सांगणे कठीण असते. म्हणून ते शेजाऱ्याने अथवा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने त्याच घटकेस सांगावयास पाहिजे. त्या सकाळी राहून गेलेला कागद पुढे कितीही सौजन्याने लिहिलेल्या पत्राने भरून निघत नाही.